दोनशे शेअर, लाभांश शंभराचाच

जुलैचा पहिला रविवार होता. आमच्याच इमारतीत राहणारा नाशिकचा मुलगा मोबाइल हातात धरून दारात उभा. निशी-कासाईत आमच्यासारखी मराठी घरं बरीच आहेत, आणि मी एका कंपनीत हिशेब बघते म्हणून पैशाचं काही अडलं की मुलं माझ्याकडेच येतात. आल्या आल्या म्हणाला, "काकू, माझ्याकडे या कंपनीचे दोनशे शेअर आहेत. हे बघा, ॲपच दोनशे दाखवतंय. मग लाभांश शंभराचाच कसा आला?"

मी मोबाइल हातात घेतला. लाभांशाच्या पानावर एकच ओळ होती. तारीख ३० जून २०२५, संख्या १००, दर शेअरला ३२.५ येन. पुढे तीन आकडे: कराआधी ३,२५० येन, कर ६५९ येन, हातात २,५९१ येन. खात्यातल्या शेअरच्या पानावर मात्र खरोखरच २०० लिहिलेलं होतं. त्याची दुसरी तक्रार याहून बारीक होती. जपानमध्ये लाभांशावर २०.३१५ टक्के कर लागतो हे त्याला ठाऊक होतं. कॅल्क्युलेटरवर ३,२५० चे २०.३१५ टक्के काढले तर ६६०.२३ येतात. ॲपने ६५९ कापले होते. तक्रार एका येनची, पण हिशेब जुळत नाही म्हटल्यावर इंजिनीअरला चैन कसं पडावं?

ॲप चुकलं नव्हतं, कंपनीही नाही. लाभांश, करकपात आणि सेटलमेंटची तारीख हे रकाने पडद्यावर शेजारी शेजारी असतात, पण प्रत्येकाचा हिशेब निराळा असतो. तो निराळा कसा, ते या एका ओळीतूनच नीट कळतं. म्हणून तीच ओळ धरून पुढे जाऊ.

आधी तारखा. त्याने शेअर दोन वेळा घेतले होते. पहिले शंभर गुरुवारी, २७ मार्च २०२५ रोजी, २,००० येनच्या भावाने. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, भाव १,९६५ वर उतरलेला दिसला. स्वस्तात मिळतोय म्हणून त्याने आणखी शंभर उचलले. कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि त्या दिवशी जो भागधारक असेल त्याला वर्षअखेरचा लाभांश मिळतो. दोन्ही खरेद्या ३१ मार्चच्या आधीच्या, म्हणजे दोन्हींवर लाभांश हक्काचा, असा त्याचा सरळ हिशेब.

मी त्याला व्यवहारांच्या यादीचं पान उघडायला सांगितलं. त्या पानावर प्रत्येक खरेदीपुढे दोन तारखा असतात. पहिली 約定日, म्हणजे याकुजोबी. याकुजो म्हणजे ठरलेला करार. ज्या दिवशी बाजारात तुमचा भाव आणि समोरच्याचा भाव जुळला आणि सौदा ठरला, तो हा दिवस. दुसरी 受渡日, उकेवाताशिबी. हा शब्द फार सोपा आहे. 'उके' म्हणजे घेणं आणि 'वाताशी' म्हणजे देणं. देवाणघेवाणीचा दिवस. तुमचे पैसे समोरच्याकडे गेले आणि त्याचे शेअर तुमच्या नावावर आले, तो हा दिवस. आपण ज्याला सेटलमेंट म्हणतो तेच हे.

या दोन तारखांमध्ये जपानी शेअरसाठी दोन कामकाजाचे दिवस जातात. १६ जुलै २०१९ पूर्वी तीन दिवस जात. भारतात २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरचा व्यवहार एका दिवसात पुरा होतो. तिथून इकडे आलेल्या माणसाच्या अंगवळणी तो एक दिवसच पडलेला असतो, आणि गफलत बहुतेकदा तिथेच होते.

आता त्याच्या खरेद्या लावून बघू. गुरुवारी २७ ला सौदा. शुक्रवार २८ हा पहिला दिवस, मधले शनिवार-रविवार सोडायचे, सोमवार ३१ हा दुसरा. म्हणजे पहिले शंभर शेअर ३१ मार्चला त्याच्या नावावर लागले, अगदी शेवटच्या दिवशी. दुसऱ्या खरेदीचा सौदा शुक्रवारी २८ ला. सोमवार ३१ हा पहिला दिवस, मंगळवार १ एप्रिल हा दुसरा. ते शेअर १ एप्रिलला नावावर आले. तोवर यादी बंद झाली होती.

ही यादी म्हणजे काय, हेही इथेच सांगते. जपानमध्ये जानेवारी २००९ पासून नोंदणीकृत कंपन्यांचे शेअर कागदावर नाहीत. सगळ्यांची नोंद 証券保管振替機構 या संस्थेकडे संगणकात असते. नाव लांबलचक, म्हणून सगळे तिला 'होफुरी' म्हणतात. आपल्या डिपॉझिटरीसारखीच ती. ठरलेल्या तारखेला कोणाच्या नावावर किती शेअर आहेत याची यादी होफुरी कंपनीला देते आणि लाभांश त्या यादीप्रमाणे निघतो. यादी सौद्याची तारीख बघत नाही, देवाणघेवाणीची बघते. त्या यादीत या मुलाच्या नावापुढे शंभरच शेअर होते.

मग खात्याच्या पानावर २८ मार्चपासून दोनशे का दिसत होते? कारण ते पान सौदा ठरताच आकडा वाढवून दाखवतं. शेअर आपले झाले असं आपण तिथेच धरून चालतो.

जपानी गुंतवणूकदारांना हे पाठ असतं, कारण त्यांच्याकडे या दिवसांना नावंच आहेत. ज्या दिवशी घेतल्यावर लाभांश मिळतो तो शेवटचा दिवस 権利付最終日, 'हक्कासकटचा शेवटचा दिवस'. त्याच्या दुसऱ्या दिवसाला म्हणतात 権利落ち日, केन्रिओचिबी. ओची म्हणजे गळून पडणं. हक्क गळून पडतो तो दिवस. २०२५ च्या मार्चअखेरीसाठी पहिला दिवस २७ मार्च, दुसरा २८ मार्च. शुक्रवारी सकाळी भाव पस्तीस येनने उतरला होता त्यामागे मुख्य कारण हेच. ३२.५ येनचा लाभांश ज्यात आता मिळणार नाही, तो शेअर कोणी कालच्या भावाने का घेईल? भाव इतर कारणांनीही हलतो, त्यामुळे घट लाभांशाइतकी तंतोतंत नसते, पण त्या सकाळच्या घटीत लाभांशाचा वाटा असतोच.

हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी फसलो का?" नाही. हिशेब कर म्हटलं. दुसरे शंभर शेअर घेताना त्याने ३,५०० येन कमी मोजले. त्याबदल्यात सोडलं काय, तर हातात आले असते ते २,५९१ येन. आज तरी तो तोट्यात नाही. उद्या विकायला जाईल तेव्हा या शंभर शेअरची खरेदी किंमत कमी म्हणून नफा तेवढा जास्त दिसेल, आणि शेअरच्या नफ्यावरही याच दराने कर आहे. म्हणजे कर टळला नाही, पुढे ढकलला गेला एवढंच.

उलट बाजूही जाणून घ्यावी. त्याने पहिले शंभर शेअर शुक्रवारी २८ लाच विकले असते, तरी त्यांचा लाभांश त्यालाच मिळाला असता. विक्रीची देवाणघेवाण १ एप्रिलला झाली असती आणि ३१ मार्चच्या यादीत त्याचंच नाव असतं. जूनअखेरीस हातात नसलेल्या शेअरचा लाभांश खात्यात आलेला पाहून लोक गोंधळतात, त्याचं कारण हेच.

दिवस मोजताना कॅलेंडर समोर ठेवावं. जपानमध्ये सणांच्या सुट्ट्या भरपूर, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला त्या सलग येतात. २०२५ मध्ये शुक्रवारी २ मे रोजी घेतलेला शेअर ८ मेला नावावर आला, कारण ३ ते ६ मे सगळं बंद होतं. ठरलेली तारीखच सुट्टीची असेल, तर आधीच्या कामकाजाच्या दिवसापासून उलटं मोजायचं.

आणखी एक गोष्ट या मुलाला चकवून गेली होती. लाभांशाच्या पानावरही 受渡日 असाच रकाना होता आणि त्यात ३० जून लिहिलं होतं. ही देवाणघेवाण लाभांशाच्या पैशांची. कंपनीने पैसे दिले आणि ते खात्यात जमा झाले, तो दिवस. शेअर नावावर लागण्याशी तिचा संबंध नाही. काही ॲपमध्ये याच रकान्याला 入金日, जमा झाल्याची तारीख म्हणतात, आणि मला तेच जास्त बरं वाटतं. मार्चअखेरच्या कंपन्यांची वार्षिक सभा बहुधा जूनच्या शेवटच्या आठवड्यात होते, सभेत लाभांश मंजूर होतो आणि पैसे त्यानंतर येतात. हक्क मार्चमध्ये ठरतो आणि पैसे तीन महिन्यांनी दिसतात.

आता तो एक येन.

कराच्या रकान्याचं नाव 源泉徴収, गेन्सेन-चोशू. गेन्सेन म्हणजे झरा, पाण्याचा उगम, आणि चोशू म्हणजे वसुली. मराठीत आपण टीडीएसला 'उगमस्थानी करकपात' म्हणतो, तोच हा शब्द. पैसे तुमच्या हातात पडण्याआधी, निघतात तिथेच कर कापला जातो.

२०.३१५ हा एक कर नाही, दोन करांची बेरीज आहे. देशाचा आयकर १५.३१५ टक्के आणि तुम्ही राहता तिथला रहिवासी कर ५ टक्के. आयकराच्या शेपटीला ते ०.३१५ कुठून आलं, हे इथे राहणाऱ्याने माहीत करून घ्यावं असं मला वाटतं. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर ईशान्य जपान पुन्हा उभा करण्यासाठी सरकारने एक खास कर लावला. २०१३ पासून आयकराच्या रकमेवर २.१ टक्के जादा भरावे लागतात. पंधराचे २.१ टक्के म्हणजे ०.३१५. त्या मुलाच्या सहाशे एकोणसाठ येनपैकी दहाएक येन या खात्यातले आहेत.

दोन कर वेगळे असल्यामुळे ते वेगवेगळे मोजतात आणि प्रत्येकात येनच्या खालचा अपूर्णांक सोडून देतात. ३,२५० चे १५.३१५ टक्के म्हणजे ४९७.७३, त्यातले ४९७ घेतले. ३,२५० चे ५ टक्के म्हणजे १६२.५, त्यातले १६२ घेतले. बेरीज ६५९. कॅल्क्युलेटरवर एकत्र दराने गुणलं की दोन्ही अपूर्णांक मिळून एक येन पुरा होतो आणि ६६० दिसतात. ॲपमध्ये कराच्या आकड्यावर बोट ठेवलं की बहुधा दोन्ही कर वेगळे उघडतात. ॲपमध्ये नसेल तर व्यवहाराच्या पावतीत असतात. ते बघूनच पडताळा घ्यावा.

शेअर शोधताना 'अपेक्षित लाभांश' आणि 'उत्पन्नाचा टक्का' असे रकाने दिसतात, ते सगळे कर कापण्यापूर्वीचे असतात. या कंपनीने वर्षातून दोनदा ३२.५ येन, म्हणजे ६५ येन दिले, तर २,००० च्या भावाला उत्पन्न ३.२५ टक्के दिसतं. साध्या खात्यात हातात येतात सुमारे २.५९ टक्के.

पुढचा प्रश्न त्याने अगदी आपल्याकडच्या सवयीने विचारला. "मग काकू, रिटर्न कधी भरायचं? बाकीचा कर किती?" भारतात लाभांशावरचा टीडीएस हा आगाऊ हप्ता असतो. खरा कर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे ठरतो आणि रिटर्नमध्ये हिशेब पुरा होतो. जपानमध्ये नोंदणीकृत कंपनीच्या लाभांशाबाबत तसं नाही. छोट्या भागधारकाचा २०.३१५ टक्के कापला गेला की तो कर तिथेच संपवता येतो. रिटर्न भरण्याची सक्ती नाही. भरलं तर काहींना फायदा होतो, विशेषतः उत्पन्न कमी असेल तर, पण ती निवड तुमची.

खात्यांच्या नावांनी इथे आणखी एक घोळ होतो. शेअरचं खातं उघडताना 特定口座, तोकुतेइ कोझा, या प्रकारात 'करकपात हवी' आणि 'करकपात नको' असे दोन पर्याय विचारतात. 'नको' म्हटलं की लाभांशावरही कर कापला जाणार नाही असं पुष्कळ जण समजतात. तो पर्याय शेअर विकून झालेल्या नफ्यापुरता आहे. लाभांशावरची कपात दोन्हीत होतेच.

कपात खरोखर थांबते ती NISA खात्यात. इथे सगळे त्याला 'निसा'च म्हणतात. जानेवारी २०२४ पासून ही योजना मोठी झाली आणि आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत ती पोचली आहे. या खात्यातल्या जपानी शेअरच्या लाभांशावर कर शून्य. पण त्याला एक अट आहे, आणि ती मी स्वतः पैसे देऊन शिकले.

२०२४ च्या जानेवारीत मी निसा खात्यात एका कंपनीचे शंभर शेअर घेतले. जूनअखेरीस टपालाने एक पाकीट आलं. आत चेकसारखा दिसणारा कागद, 配当金領収証, म्हणजे लाभांशाची पावती. पोस्टाच्या बँकेत दाखवून रोख पैसे घ्यायचे. लाभांश ४० येनप्रमाणे ४,००० येन, आणि खाली छापलेलं: आयकर ६१२, रहिवासी कर २००, देय रक्कम ३,१८८. निसा खात्यातले शेअर, आणि कर ८१२ येन! मी आधी कंपनीला फोन केला, मग शेअरच्या खात्यावाल्यांना. दोघांनीही सौम्यपणे एकच सांगितलं, कपात नियमानुसार आहे.

कारण असं की, लाभांश कसा घ्यायचा याच्या जपानमध्ये तीन-चार रीती आहेत. पाकिटातला कागद ही जुनी रीत, आणि काहीच निवडलं नाही तर तीच लागू होते. बँकेच्या खात्यात मागवणं ही दुसरी. आणि 株式数比例配分方式 ही तिसरी. नाव भलं मोठं, अर्थ एवढाच की ज्या शेअरच्या खात्यात जितके शेअर असतील त्या प्रमाणात लाभांश त्याच खात्यात जमा व्हावा. निसाची करमाफी फक्त या तिसऱ्या रीतीला मिळते. कारण लाभांश खात्यातून गेला तरच तो निसाच्या शेअरवरचा आहे हे कर कापणाऱ्याला कळतं. कंपनी जेव्हा थेट पाकीट पाठवते, तेव्हा ते शेअर कुठल्या खात्यात आहेत याच्याशी तिला कर्तव्य नसतं. ती कर कापूनच पैसे देते.

त्याच संध्याकाळी ॲपमध्ये 配当金受領方法 या नावाखाली जाऊन मी रीत बदलली. ती पुढच्या लाभांशापासून लागू झाली, गेलेले ८१२ येन गेलेच. ही निवड होफुरीकडे नोंदवली जाते, म्हणून तुमची दोन-तीन ठिकाणी खाती असली तरी एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं. पण ती नोंद त्या लाभांशाच्या ठरलेल्या तारखेच्या आत व्हायला हवी. मी तरी हाताशी आठवडाभर ठेवूनच बदला असं सांगते.

अमेरिकन शेअरबद्दल दोन वाक्यं. जपानी ॲपमधून ते घेतले तर लाभांशातून आधी अमेरिका १० टक्के कापते आणि उरलेल्यावर जपान २०.३१५ टक्के, म्हणून कराचे रकाने दोन दिसतात. निसा खात्यात दुसरा शून्य होतो, पहिला राहतो.

जे कायमचे भारतात परतणार आहेत त्यांनी निघण्याआधी शेअरच्या खात्यावाल्यांना कळवलंच पाहिजे. जपानचे रहिवासी राहिलात नाही की ५ टक्क्यांचा रहिवासी कर लागत नाही, आयकर १५.३१५ उरतो, आणि भारत-जपान करारानुसार वेळेत अर्ज केला तर तो १० टक्क्यांवर येतो. पण पत्ता जपानचाच ठेवून गप्प बसणाऱ्यांचे कर जुन्याच दराने कापले जातात आणि खातं नियमाबाहेर राहतं, ते निराळंच.

जुलैमधला आमचा हिशेब इथे संपला. डिसेंबरात तोच मुलगा पुन्हा आला. सप्टेंबरअखेरच्या तारखेला त्याचे दोनशेही शेअर नावावर होते, आणि महिन्याच्या सुरुवातीला अर्धवार्षिक लाभांशाची ओळ आली होती: ६,५०० येन, कर १,३२०, हातात ५,१८०. या वेळी कॅल्क्युलेटर आणि ॲप जुळले म्हणून खूश होता. बोलता बोलता म्हणाला, दुसऱ्या एका कंपनीचे शेअर पडून आहेत, आठ हजार येनचा तोटा आहे, नव्या वर्षात विकून टाकीन.

तो गुरुवार होता, २५ डिसेंबर. मी म्हटलं, विकायचेच आहेत ना, मग उद्याच वीक.

त्याचं खातं 'करकपात हवी' या प्रकारचं, आणि लाभांशही त्याच खात्यात जमा होणारा. अशा खात्यात वर्षअखेरीला शेअरचा तोटा आणि लाभांश यांची आपोआप वजावट होते आणि जास्तीचा कापलेला कर परत येतो. पण वर्ष मोजतात ते देवाणघेवाणीच्या तारखेने. वर्षातला शेवटचा कामकाजाचा दिवस मंगळवार, ३० डिसेंबर. शुक्रवारी २६ ला विकलं तर सोमवार २९ पहिला दिवस आणि मंगळवार ३० दुसरा, म्हणजे विक्री २०२५ मध्ये धरली जाते. सोमवारी २९ ला विकलं तर दुसरा दिवस थेट ५ जानेवारी, आणि तोटा २०२६ चा होतो. बाजार २९ आणि ३० ला उघडाच असतो, ॲप सौदा निमूट घेतं, म्हणून हे ध्यानात येत नाही. निसाची वर्षाची मर्यादा मोजतानाही हीच तारीख बघतात. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत घेतलेले शेअर पुढच्या वर्षाच्या मर्यादेत जाऊन बसतात.

त्याने शुक्रवारी सकाळी शेअर विकले. वर्षभराचा लाभांश ९,७५० येन, तोटा ८,०००, उरले १,७५०. त्यावर कर: आयकर २६८, रहिवासी कर ८७, एकूण ३५५. वर्षात कापलेला कर ६५९ आणि १,३२० मिळून १,९७९. जानेवारीच्या पहिल्या दिवसांत त्याच्या ॲपमध्ये एक नवी ओळ उमटली, 還付金, म्हणजे परतावा. रक्कम १,६२४ येन.